खलनायक नसलेल्या शोकांतिकेत प्रतिनायक कोण? एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं प्रकरण

पार्श्वभूमी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मी नाट्यवाङ्मय शिकवते. त्या सत्रात प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं 'राजा इडिपस' नेमलेलं होतं आणि अंतर्गत मूल्यमापनासाठी मी एक प्रश्न दिला होता : 'या नाटकातील प्रतिनायक कोण? संहितेतील प्रसंगांच्या आधारे लिहा.' उत्तर द्यायला दहा दिवस होते. सहाव्या दिवशी रात्री एका विद्यार्थिनीची ईमेल आली. ती वर्गात फारशी बोलत नसे, पण संहिता वाचून येणाऱ्या मोजक्या मुलांपैकी ती एक होती.

तिने लिहिलं होतं : "मॅडम, आम्ही चौघी मिळून अभ्यास करतोय आणि चौघींची उत्तरं वेगळी आहेत. एक म्हणते क्रिऑन, एक म्हणते टायरेसियस, गाइडमध्ये नियती दिलंय आणि मला वाटतं इडिपस स्वतःच. पण यातलं कुणीच वाईट नाही. मग प्रतिनायक कोण म्हणून लिहायचं?"

नाटक वाचलेलं नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. थीब्ज नगरीवर रोगाची साथ आली आहे. डेल्फीहून अपोलो देवाचा कौल येतो की आधीचा राजा लायस याचा मारेकरी नगरीत आहे, त्याला घालवा. सध्याचा राजा इडिपस त्याला शोधून काढायची प्रतिज्ञा करतो आणि मारेकऱ्याला शापही देतो. या शोधात राणीचा भाऊ क्रिऑन आणि आंधळा द्रष्टा टायरेसियस यांच्याशी त्याचा खटका उडतो. शोधाच्या शेवटी कळतं की मारेकरी तो स्वतःच आहे, लायस त्याचा बाप होता आणि त्याची राणी जोकास्टा ही त्याची आई. जोकास्टा गळफास घेते. इडिपस तिच्याच वस्त्राच्या पिना उपसून आपले डोळे फोडून घेतो.

अडचण नेमकी कुठे होती

मी त्याच रात्री दोन ओळींचं उत्तर पाठवलं. 'शोकांतिकेत प्रतिनायक माणूसच असला पाहिजे असं नाही. इथे तो नियती आहे असं लिही आणि प्रसंग दे.' उत्तर चूक नव्हतं, पुस्तकांत ते सापडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पुन्हा ईमेल आली : "मॅडम, पण नियती कुठल्या प्रवेशात येते? ती काय करते? तुम्ही प्रसंग द्या म्हणालात, मला एकही मिळाला नाही."

हा प्रश्न वाचून मी संहिता पुन्हा उघडली. ती अगदी बरोबर होती. भाकितात सांगितलेल्या गोष्टी, बापाचा खून आणि आईशी लग्न, पडदा उघडण्याच्या कितीतरी वर्षं आधी घडून गेल्या आहेत. नाटकात जे प्रत्यक्ष घडतं तो शोध आहे, आणि तो शोध घे असं भाकितात कुठेही म्हटलेलं नाही. नियतीला प्रतिनायक म्हटलं तर ती नाटक सुरू होण्याआधीच जिंकलेली आहे. मग पुढचा दीड तास रंगमंचावर झुंज कुणाची चालली आहे, हे कोडं तसंच राहतं.

दुसरी अडचण शब्दातच होती. आपण अँटॅगनिस्ट या शब्दासाठी 'प्रतिनायक' वापरतो. तो शब्द संस्कृत नाट्यशास्त्रातून आला आहे आणि येताना स्वतःचा अर्थ घेऊन आला आहे. दहाव्या शतकातल्या धनंजयाच्या 'दशरूपका'त प्रतिनायकाची व्याख्याच अशी आहे की तो लोभी, उद्धट, हट्टी, पाप करणारा, व्यसनी असा नायकाचा शत्रू असतो. उदाहरणं रामासमोर रावण आणि युधिष्ठिरासमोर दुर्योधन अशी. म्हणजे या शब्दात दुष्टपणा आधीच भरलेला आहे. ग्रीक शब्दाच्या मुळाशी 'अगोन' म्हणजे स्पर्धा किंवा झुंज आहे, आणि अँटॅगनिस्ट म्हणजे त्या झुंजीत समोर उभा राहणारा. तो चांगला की वाईट, याबद्दल शब्द काहीच बोलत नाही. विद्यार्थिनी 'पण यातलं कुणीच वाईट नाही' म्हणत अडली होती, आणि तिला अडवणारा शब्द प्रश्नपत्रिकेत मीच घातला होता.

समोर असलेले पर्याय

दुसरं उत्तर लिहिण्याआधी मी चारही उत्तरं संहितेवर घासून पाहिली.

क्रिऑनचं उत्तर सगळ्यात आधी गळलं. क्रिऑनने टायरेसियसशी मिळून कट केला आहे असा इडिपसचा संशय असतो, आणि घाईने वाचणारे विद्यार्थी तोच संशय खरा धरून चालतात. पण क्रिऑनचा बचाव साधा आणि पटण्यासारखा आहे : राजा न होताच मला राजाइतका मान मिळतो आणि रात्री शांत झोपही लागते, मग मी सिंहासन कशाला मागू? शेवटीही तो आंधळ्या इडिपसशी दयेने वागतो, त्याच्या मुलींना त्याच्याजवळ आणतो. क्रिऑन हे नाव येण्यामागे आणखी एक कारण असतं, ते मी दरवर्षी पाहते. सोफोक्लीजच्याच 'अँटिगनी' नाटकातही क्रिऑन आहे. तिथे तो भावाला पुरायला निघालेल्या अँटिगनीला आडवा येतो, त्यामुळे तिथे तो खरोखरच प्रतिनायक ठरतो. दोन्ही नाटकं वाचलेली मुलं तिकडचा क्रिऑन इकडे आणतात. ही नाटकं एका मालिकेचे भाग म्हणून लिहिलेली नाहीत, आणि दोन्हीकडच्या क्रिऑनचा स्वभावही एक नाही.

'इडिपस स्वतःच' हे उत्तर मला मोहात पाडत होतं. त्यात तथ्य आहे, पण ते फार लवकर सापडतं आणि सापडलं की विद्यार्थी वाचणं थांबवतो. मग 'त्याचा अहंकार हाच त्याचा शत्रू' असं एक वाक्य येतं आणि त्याखाली ॲरिस्टॉटलच्या 'हामार्शिया'चा दाखला. ॲरिस्टॉटलचा तो शब्द नेम चुकण्यावरून आलेला आहे. त्यातून चूक, गफलत एवढाच अर्थ निघतो, स्वभावातलं पाप असा निघेलच असं नाही. तिठ्यावर आपण आपल्या बापाला मारतो आहोत हे इडिपसला माहीत नव्हतं.

'इथे प्रतिनायक नाहीच' असंही सांगता आलं असतं. वर्गात वेळ कमी असला की मी ते सांगून मोकळी झालेही आहे. पण या नाटकात प्रत्येक प्रवेशात कुणीतरी कुणालातरी अडवतं. विरोध तर ठायी ठायी आहे, मग प्रतिनायक नाही म्हणणं म्हणजे डोळ्यांसमोरचं न पाहणं झालं असतं.

उरला पर्याय प्रश्नच फिरवण्याचा : प्रतिनायक कोण हे विचारण्याऐवजी, नायकाला या प्रवेशात काय हवं आहे आणि 'नको' कोण म्हणतं, हे विचारायचं. यात एक धोका होता. मूल्यमापनाला चार दिवस राहिले होते, आणि तिला तयार उत्तर देण्याऐवजी मी तिच्यासमोर आणखी काम टाकत होते. तरी मी हाच पर्याय घेतला, कारण तिच्या दुसऱ्या ईमेलवरून दिसत होतं की ती संहिता घेऊन बसलेली आहे.

काय केलं

माझं दुसरं उत्तर जवळपास असं होतं :

"माझं कालचं उत्तर बाजूला ठेव. तुझी हरकत बरोबर आहे. प्रतिनायक म्हणजे वाईट माणूस हे आधी डोक्यातून काढून टाक. नायकाच्या वाटेत जो उभा राहतो तो प्रतिनायक, मग त्याचा हेतू काहीही असो. आता नाटक पहिल्यापासून वाच आणि प्रत्येक प्रवेशापाशी थांबून तीन गोष्टी लिही : इडिपसला आत्ता काय हवंय, त्याला 'नको' कोण म्हणतं, आणि ते का म्हणतं. तिसऱ्या गोष्टीवर जास्त वेळ दे. कारण शक्यतो पात्राच्याच शब्दांत टिपून ठेव. नंतर भेटू."

नमुना म्हणून मी एक प्रवेश सोडवून दिला, मेंढपाळाचा. तो असा.

कॉरिंथहून निरोप घेऊन आलेला म्हातारा आनंदात आहे. लहानपणी पायांना छेद करून टाकून दिलेलं मूल आपणच कॉरिंथच्या राजाला नेऊन दिलं, हे तो इडिपसला सांगून बसला आहे. ते मूल ज्याने त्याच्या हाती दिलं तो थीब्जचा मेंढपाळ आता समोर आणला जातो. म्हातारा त्याला ओळख पटवून देतो : किथेरॉन डोंगरावर आपण शेजारी होतो, तुझे दोन कळप, माझा एक, वसंतापासून स्वातीचा तारा उगवेपर्यंतचे सहा महिने, असे तीन हंगाम. मेंढपाळ नाइलाजाने हो म्हणतो. म्हातारा पुढे म्हणतो, ते मूल आठवतं ना, ते हेच. त्यासरशी मेंढपाळ त्याच्यावर खेकसतो की तोंड बंद ठेव. सबंध नाटकात इतक्या थेटपणे कुणी कुणाला गप्प केलेलं नाही. इडिपस धमकी देतो, नोकरांना त्याचे हात पिरगळायला सांगतो, तेव्हा एकेक शब्द बाहेर येतो. आणि शेवटचा प्रश्न, मूल मारायला दिलं होतं तर तू ते दुसऱ्याला का दिलंस? उत्तर एवढंच की कीव आली.

तीन गोष्टींची उत्तरं इथे स्वच्छ मिळतात. इडिपसला आपला जन्म जाणून घ्यायचा आहे. मेंढपाळ 'नको' म्हणतो. का, तर त्याला इडिपसला वाचवायचं आहे, आणि अर्थात स्वतःलाही. हाच माणूस तिठ्यावरच्या मारामारीतून एकटा जिवंत परतला होता. पुष्कळ दरोडेखोर होते ही कहाणी त्यानेच आणली होती. आणि इडिपस सिंहासनावर बसलेला पाहून शहर दिसणार नाही इतक्या लांबच्या कुरणात मला पाठवा, अशी विनवणी त्याने जोकास्टाला केली होती. इतकी वर्षं सत्य त्याच्याजवळ अडून होतं.

काय झालं

तीन दिवसांनी ती भेटायला आली. वहीत दोन पानं भरलेली होती. टायरेसियस येताक्षणीच मला घरी जाऊ दे म्हणतो, तुझं ओझं तू वाहा, माझं मी वाहीन. जोकास्टा आधी भाकितांवर विश्वास ठेवू नकोस म्हणते आणि नंतर, तिला सगळं उमगल्यावर, तुझ्या जिवाची पर्वा असेल तर पुढे विचारू नकोस म्हणून विनवते. तू कोण आहेस हे तुला कधीच न कळो, असं ती जाता जाता म्हणते. मग मेंढपाळ. तिघांच्याही 'का'समोर तिने थोड्याफार फरकाने एकच गोष्ट लिहिली होती : त्याला दुःख होऊ नये म्हणून.

तिने मान वर न करताच म्हटलं, "मॅडम, याला अडवणारे सगळे त्याच्या भल्याचेच आहेत. आणि जो मदत करायला आला, तो कॉरिंथचा म्हातारा, त्याच्यामुळेच सगळं उघडं पडलं." ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त कलाटणीचं उदाहरण म्हणून हाच म्हातारा घेतला आहे : इडिपसची भीती घालवायला येतो आणि होतं उलटंच. तिने ते वाचलेलं नव्हतं. तिथपर्यंत ती संहितेवरूनच पोचली होती.

मी खूश होते, पण तिची वही अजून संपली नव्हती. दोन ठिकाणी तिने प्रश्नचिन्हं केली होती, आणि ती मला जास्त मोलाची वाटली.

पहिलं टायरेसियसपाशी. तो आधी अडवतो हे खरं, पण इडिपसने कटाचा आरोप केल्यावर चिडून तो सगळं सांगून टाकतो. मारेकरी तूच, असं स्वच्छ शब्दांत. नाटक तेव्हा अर्धंसुद्धा झालेलं नसतं. मग तिथे शोध अडवला कुणी? टायरेसियसने तर नाही. उत्तर समोर असताना इडिपस ते घेत नाही, क्रिऑनच्या मागे लागतो आणि एक अख्खा प्रवेश त्या भांडणात जातो. म्हणजे पूर्वार्धात 'नको' म्हणणारा तोच आहे, फक्त ते त्याला ठाऊक नाही. 'इडिपस स्वतःच' हे तिचं मूळ उत्तर असं परत आलं, पण आता त्याला प्रवेश होता, ओळी होत्या आणि मर्यादाही होती.

दुसरं प्रश्नचिन्ह मेंढपाळाच्या प्रवेशापाशी होतं, म्हणजे मी स्वतः सोडवून दिलेल्या भागात. मेंढपाळाला बोलावलं जातं ते मारेकरी एक होता की अनेक, हे विचारायला. इडिपसची सगळी आशा त्या आकड्यावर असते, कारण तो तिठ्यावर एकटा होता. आणि मेंढपाळ येतो तेव्हा ते कुणी विचारतच नाही. तिने लिहिलं होतं : "हवंय काय, ते मध्येच बदललं का?"

बदललं होतं. लायसला कुणी मारलं, हा शोध कॉरिंथचा म्हातारा येईपर्यंत चालतो. त्यानंतरचा शोध आहे, मी कोण. पहिल्या शोधात जोकास्टा खरं तर मदतच करते. तिठ्याचा उल्लेख तिच्याच तोंडून येतो आणि तोही इडिपसला धीर देताना. दुसऱ्या शोधात तीच सगळ्यात मोठा अडसर होते. माझ्या तीन प्रश्नांत हे पकडायला जागा होती, पण नमुना सोडवताना मी ते पाहिलं नव्हतं. मी थेट 'जन्म जाणून घ्यायचा आहे' असं लिहून टाकलं होतं, जणू पहिल्यापासून तेच चाललं होतं.

तिने शेवटी जे उत्तर दिलं त्याचा गाभा असा होता की प्रतिनायकाचं काम या नाटकात एका पात्राकडे नाही, ते फिरत राहतं. पहिल्या शोधात ते इडिपसच्या रागाकडे आणि संशयाकडे आहे, दुसऱ्या शोधात त्याच्यावर जीव असलेल्या माणसांकडे. नियतीसाठी तिने एकच परिच्छेद ठेवला, आणि त्यात डोळे फोडून घेतल्यानंतरचा इडिपस आणला. कोरस विचारतं की हे कुणी करवलं. तो सांगतो की हे दुःख अपोलोने आणलं, पण घाव घातला तो माझ्या हाताने. तिने लिहिलं की प्रश्नपत्रिकेतला प्रश्न इडिपसलाही विचारला गेला होता आणि त्याने दोन नावं घेतली.

उत्तराला उणिवाही होत्या. क्रिऑन निर्दोष का, हे तिने गृहीत धरलं, दाखवलं नाही. 'का'चा रकाना तिघांसाठी एकच ठेवल्यामुळे मेंढपाळाची स्वतःच्या जिवाची भीती निसटली. हे मी समासात लिहिलं. बाकी तिघींपैकी दोघींनी नियती लिहिलं, तेही गाइडच्या शब्दांत. त्याचा दोष मी त्यांना देत नाही. त्यांना माझं दुसरं उत्तर मिळालंच नव्हतं, मी ते फक्त विचारणारीला पाठवलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली ईमेल आली तेव्हाच मी तिला उलट विचारायला हवं होतं की इडिपसला काय हवंय. तिने चार नावं दिली होती, त्यातलं एक उचलून तिला देण्याची घाई मला झाली. 'नियती' हे उत्तर रात्री अकरा वाजता देणं सोपं होतं, कारण ते कुणालाच खोडता येत नाही. ज्या उत्तराला संहितेतली एकही ओळ खोटं पाडू शकत नाही, त्याला आधार म्हणूनही एकही ओळ सापडत नाही. तिला प्रसंग न मिळण्याचं कारण तेच होतं.

दुसरं म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या शोधाची फोड. आता मी तीन प्रश्नांच्या आधी चौथा घालते : हे हवंय कधीपासून, आणि कुठपर्यंत? तो आधी असता तर मी नमुन्यात चुकले नसते.

या पद्धतीची मर्यादाही तेव्हाच सांगायला हवी होती. नायकाला काहीतरी ठाम हवं असतं तिथेच ती चालते. अँटिगनीला भावाला माती द्यायची आहे, तिथे दहा मिनिटांत उत्तर येतं. पण ज्या नाटकात माणसं नुसती वाट पाहतात, ज्यांना काय हवं हे त्यांनाच सांगता येत नाही, तिथे पहिलाच रकाना कोरा राहतो. ही विद्यार्थिनी पुढच्या सत्रात अशाच एका नाटकाशी तीच वही घेऊन झगडली आणि दोन आठवडे वाया गेल्याचं तिने मला नंतर सांगितलं. ते दोन आठवडे माझ्या एका वाक्याने वाचले असते.

प्रश्नही मी बदलला. पुढच्या वर्षी तो असा होता : 'इडिपसच्या शोधाला कोणत्या प्रवेशात कोण अडवतं आणि का? तुमच्या मते यांपैकी कुणाला प्रतिनायक म्हणता येईल, किंवा का म्हणता येणार नाही?' नियती हे उत्तर त्या वर्षीही आलं, पण लिहिणाऱ्या मुलाने तिला एक प्रवेश शोधून दिला होता. इडिपसच्या मनातली भीती जावी आणि संकट टळावं म्हणून जोकास्टा अपोलोच्या वेदीवर फुलं आणि धूप ठेवते. तिची प्रार्थना संपते न संपते तोच कॉरिंथचा म्हातारा राजवाड्याचा रस्ता विचारत आत येतो.